दोन ताळेबंदांच्या फोटोंवरून कॅश फ्लो : मशिनरीची गोम

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याने बँकेसाठी कॅश फ्लो पत्रक मागितलं आणि दोन वर्षांच्या ताळेबंदांचे फोटो पाठवले. आकडे एक्सेलमध्ये उतरवून आधी दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळवल्या. फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसतात, ते इथेच सापडतं.

साठा, उधारी, देणी ऑपरेटिंगमध्ये गेली. कर्ज फायनान्सिंगमध्ये, आणि नफ्यातून वजा झालेलं त्याचं व्याजही परत मिळवून तिथेच दाखवलं.

खरी गोम मशिनरीत होती. घसारा वजा जाता ती ८ लाखांवरून साडेनऊ लाख झालेली, घसारा १ लाख २० हजार. म्हणजे खरेदी २ लाख ७० हजारांची. पत्रक जुळलंही! पण जुळलं म्हणजे बरोबर, असं नसतं.

मी नफा-तोटा पत्रक मागवलं. त्यात मशीन विक्रीचा नफा २५ हजार. मालक म्हणाले, "अहो, जुनं पॉलिश मशीन ८५ हजाराला दिलं की!" पुस्तकी किंमत ६० हजार, म्हणून खरी खरेदी ३ लाख ३० हजार. विक्रीचे ८५ हजार इन्व्हेस्टिंगमध्ये जमा धरले, तिथली निव्वळ जावक २ लाख ४५ हजार झाली. नफ्याचे २५ हजार त्या ८५ हजारांत आलेच होते, म्हणून ते ऑपरेटिंगमधून वजा केले. एकूण रोकड तीच राहिली, पण धंद्यातून आलेला पैसा तेवढा कमी दिसू लागला, आणि बँक नेमका तोच आकडा बघते.