नव्या टीमला पहिला मेल

मॅनेजर म्हणून रुजू होतानाच्या मेलमध्ये बायोडेटा नको, ओळख दोन ओळींत पुरे. टीमला धास्ती असते ती आता काय बदलणार याची, म्हणून ते आधी सांगा:

‘नमस्कार, सोमवारपासून मी तुमच्यासोबत काम करतेय. सकाळची मीटिंग, मंजूर झालेल्या सुट्ट्या आणि चालू कामांच्या तारखा आहेत तशाच राहतील. येत्या दोन आठवड्यांत प्रत्येकाशी अर्धा तास बोलायचंय. तयारी काही नको, काम कुठे अडतंय तेवढं सांगा.’

सुट्ट्यांचं मात्र आधीच्या मॅनेजरला किंवा एचआरला विचारूनच लिहा; शब्द फिरवावा लागला तर पहिल्याच आठवड्यात पत जाते. ‘कधीही भेटा’ असं मोघम लिहिलं की कोणी फिरकत नाही, त्यामुळे मेलपाठोपाठ कॅलेंडरवर वेळाच टाका.