उपवासाच्या दिवशी मधुमेहाची गोळी: मावशींना सूचना देताना या चुका टाळा

आईची काळजी घेणाऱ्या मावशींसाठी मी भिंतीवर कागद लावला होता: “सकाळी ८, ग्लिमेपिराइड.” एकादशीला मावशींनी बरोबर आठला गोळी दिली. आईचा उपवास होता, पोटात फक्त चहा. साडेदहाला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ती काहीतरी असंबद्ध बोलू लागली. मावशींना वाटलं, थकल्यात, झोपू द्यावं. शेजारच्या काकूंनी रक्तातली साखर तपासली, अवघी ५४ निघाली. मावशींनी कागदाप्रमाणेच केलं होतं. चुकला होता कागदच.

ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर उतरवते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून तिच्यापुढे घड्याळाची वेळ लिहू नका. आता आमच्याकडे लिहिलंय: “नाश्त्याचं ताट समोर आल्यावरच गोळी. खाणं नको म्हणाल्या तर गोळी थांबवून मला फोन.” राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून द्यायची नाही, हेही ठळक अक्षरांत आहे. उपवास मोडायला लावणं आईला दुखावणारं आहे. त्यामुळे मावशी आदल्या रात्रीच विचारतात, “आजी, उद्या उपवास हाय का?” त्या दिवशी गोळी किती, हे आम्ही डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलंय. साबुदाण्यात गोळी लपवून देणं मात्र नाहीच, तिला सांगूनच द्यायची.

घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा गोंधळ दिसला तर आधी साखर तपासावी. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा साखर. सावरल्यावर भाकरी, दूध असं काही खायला द्यावं. या गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचं आणि रात्रीही लक्ष ठेवायचं.

शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून १०८ लावायचा.

फोनच्या यादीत मी माझा नंबर पहिला लिहिला होता, आणि मी पुण्यात असतो. आता १०८ पहिला, मग शेजारच्या काकू, मग डॉक्टर, शेवटी मी. आईच्या गावातल्या मंगळवार पेठेतली आमची गल्ली नुसत्या घरनंबरावर सापडत नाही, म्हणून कागदावर पत्त्यासोबत जवळच्या तालमीचं नाव आहे. काकूंच्या मुलानं तालमीपाशी उभं राहायचं, हे ठरलेलं आहे. गोळ्यांची पाकिटं एका डब्यात असतात. दवाखान्यात जाताना तो डबाच सोबत न्यायचा.