प्लिनी खरा की कोळशाची ओळ? इतिहासाचे साधन कसे पारखावे

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा इ.स. ७९ मध्ये उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे रोमन शहर राखेखाली गाडले गेले. वर्षाबद्दल वाद नाही, पण तारीख कोणती? कित्येक पुस्तकांत २४ ऑगस्ट सापडते, तर अलीकडच्या लिखाणात ऑक्टोबरचा उल्लेख येतो. इतिहासाचे साधन कसे पारखायचे, हे शिकायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. वहीचे एक कोरे पान घ्या आणि माझ्याबरोबर पायरी पायरीने चला.

पायरी १ : आधी प्रश्न लिहा

पानाच्या वर लिहा: 'उद्रेक कोणत्या महिन्यात झाला?' प्रश्न असा नेमका हवा, कारण एखादे साधन विश्वासार्ह आहे की नाही हे सरसकट ठरवता येत नाही. एका प्रश्नाला ते भक्कम उत्तर देते आणि दुसऱ्या प्रश्नाला तेच साधन लंगडे पडते.

पायरी २ : साधन प्राथमिक की दुय्यम, ते ठरवा

घटनेच्या काळातले, किंवा ती घटना स्वतः पाहिलेल्या माणसाने मागे ठेवलेले साधन म्हणजे प्राथमिक साधन. पत्र, नाणे, शिलालेख, भांडी, हाडे ही सारी त्यात येतात. अशा साधनांवरून नंतर कोणी लिहिले की ते दुय्यम. तुमचे पाठ्यपुस्तक दुय्यम आहे.

आपल्या प्रश्नासाठी चार साधने घेऊ. पहिले, धाकटा प्लिनी या रोमन लेखकाची पत्रे. उद्रेकाच्या वेळी तो सतरा वर्षांचा होता आणि सुमारे तीस किलोमीटरवरच्या मिसेनम बंदरातून त्याने तो पाहिला. दुसरे, कॅसियस डिओ या इतिहासकाराने शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली हकिकत. तिसरे, पॉम्पेईत सापडलेले एक चांदीचे नाणे. चौथे, २०१८ मध्ये तिथल्या एका घराच्या भिंतीवर उजेडात आलेली कोळशाने लिहिलेली ओळ. यातला डिओ तेवढा दुय्यम, बाकी तिन्ही प्राथमिक.

बरेच विद्यार्थी इथेच थांबतात आणि 'प्राथमिक म्हणजे खरे' असे लिहून मोकळे होतात. खरी पारख इथून पुढे सुरू होते.

पायरी ३ : कोणी, कधी, कशासाठी लिहिले ते विचारा

प्लिनीने ही पत्रे उद्रेकानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली. टॅसिटस या इतिहासकाराने त्याच्याकडे त्याच्या मामाच्या मृत्यूची हकिकत मागितली होती. मामा मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता आणि उद्रेकातच मरण पावला. भाच्याला मामाची कीर्ती टिकवायची होती. म्हणून मामाच्या धैर्याची वर्णने वाचताना हात जरा आखडता ठेवावा.

पण त्याच पत्रात डोंगरावर उठलेल्या ढगाचेही वर्णन आहे. बुंधा उंच सरळ आणि वर फांद्या पसरलेल्या पाइनच्या झाडासारखा तो ढग दिसत होता, असे प्लिनी लिहितो. यात खोटे सांगून त्याचा काहीच फायदा नव्हता, आणि आजचे ज्वालामुखीतज्ज्ञ अशा उद्रेकांना त्याच्याच नावाने ओळखतात. ढगाबद्दल विचारायचे असेल तर प्लिनी उत्तम साक्षीदार आहे.

पायरी ४ : साधन आपल्यापर्यंत कसे पोहोचले ते पाहा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. प्लिनीने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र आज कुठेही नाही. आपल्या हाती आहेत त्या शेकडो वर्षांनंतर, एकावरून दुसरी अशा उतरवलेल्या नकला. रोमन लोक 'सप्टेंबरच्या पहिल्या तारखेआधी नववा दिवस' अशा पद्धतीने तारीख लिहीत. दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजले की येतो २४ ऑगस्ट. पण असा आकडा किंवा महिन्याचे संक्षिप्त नाव उतरवताना चूक होणे अगदी सोपे, आणि प्लिनीच्या नकलांमध्ये नेमक्या या तारखेचे पाठ वेगवेगळे आहेत. म्हणजे साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची तारीख आपल्याला तिसऱ्या-चौथ्या हातून मिळाली आहे.

भिंतीवरच्या ओळीची गोष्ट वेगळी. ती कोणी नकलली नाही, लिहिली तिथेच राहिली. तिच्यात 'नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधी सोळावा दिवस' असे आहे, म्हणजे १७ ऑक्टोबर. त्या घरात तेव्हा दुरुस्तीचे काम चालू होते आणि कोळशाचे अक्षर सहज पुसले जाते. म्हणून ही ओळ उद्रेकाच्या थोडेच आधीची असावी, असे उत्खनन करणाऱ्यांनी म्हटले. तर्क चांगला आहे, पण त्या ओळीत वर्ष लिहिलेले नाही. ती आदल्या वर्षाची असण्याची शक्यता उरतेच.

नाण्याने तर अभ्यासकांना चांगलेच चकवले. सम्राट टायटसला मिळालेल्या विजयी जयघोषांची संख्या त्यावर कोरलेली आहे. ती पंधरा वाचली गेली. पंधरावा जयघोष सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मिळालेला नव्हता, म्हणून नाणे त्यानंतरचे ठरले आणि ऑगस्टचा दावा निकालात निघाल्यासारखा वाटला. पुढे नाणे पुन्हा बारकाईने पाहिले तर आकडा चौदा निघाला. चौदा असेल तर ऑगस्टलाही अडचण नाही. वस्तू खोटे बोलत नाही, पण ती वाचणारा चुकू शकतो.

पायरी ५ : स्वतंत्र साक्षीदार मोजा

२४ ऑगस्ट ही तारीख दहा पुस्तकांत मिळाली तर दहा पुरावे झाले का? दहाही पुस्तकांनी ती प्लिनीच्या नकलेवरूनच घेतली असेल, तर पुरावा एकच. प्रत्येक पुस्तकापुढे 'याला हे कुठून कळले?' असे लिहा आणि उत्तर एकच येत असेल तर ती सारी पुस्तके एका कंसात घाला.

उलट, ऑक्टोबरच्या बाजूचे पुरावे एकमेकांवर अवलंबून नाहीत. भिंतीवरची ओळ, उत्खननात सापडलेली डाळिंबांसारखी शरदातली फळे आणि खोल्यांमधल्या निखाऱ्यांच्या शेगड्या हे तीन वेगळे धागे आहेत. त्यातला प्रत्येक एकेकटा कच्चा आहे, कारण फळे साठवलेली असू शकतात आणि शेगडीवर अन्नही शिजते. पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, याला वजन आहे.

आता डिओकडे या. त्याच्या हकिकतीत डोंगरावर राक्षसी आकाराची माणसे फिरताना दिसली, असेही आहे. ते वाचून त्याला बाजूला टाकावेसे वाटते. मात्र उद्रेक शरद ऋतूत झाला असेही तोच सांगतो, आणि ते जमिनीतून निघालेल्या पुराव्यांशी जुळते. राक्षसांची गोष्ट सोडून द्या, ऋतूचा उल्लेख टिपून ठेवा. दुय्यम साधनातही एखादी बातमी अशा जुन्या कागदातून आलेली असते, जो आज उरलेला नसतो.

पायरी ६ : उत्तर खात्रीच्या प्रमाणात लिहा

पानाच्या शेवटी निष्कर्ष लिहिताना 'नक्की', 'बहुधा' आणि 'शक्य' हे तीन शब्द जपून वापरा. आपल्या पानावर असे काहीसे येईल: 'उद्रेक इ.स. ७९ मध्ये झाला, हे नक्की. तो बहुधा शरद ऋतूत, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाला. २४ ऑगस्ट शक्य आहे, पण ती तारीख पाठभेद असलेल्या नकलांवर उभी आहे.' त्याखाली एक ओळ आणखी जोडा: कोणता नवा पुरावा मिळाला तर मी हे उत्तर बदलेन? इथे ते सोपे आहे. पॉम्पेईच्या राखेखाली वर्षासकट तारीख घातलेला, सप्टेंबर ७९ किंवा त्यानंतरचा एखादा मजकूर निघाला, तर ऑगस्ट कायमचा खोडता येईल.