छपाईच्या दुकानात या चुका टाळा: मोजून मागवलेल्या पत्रिका कमीच पडतात

तालुक्याच्या गावात माझं छपाई आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवा पोरगा विचारायला येतो, "काका, कुठलं मशीन घेऊ?" कागद किती वाया जातो, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही.

मशीनपासून सुरुवात करू. जुनं, दुरुस्त केलेलं झेरॉक्स मशीन 90 हजारांना मिळालं असं धरा. विकणारा सांगतो, कॉपी पंधरा पैशांत पडते. तो खोटं बोलत नाही, फक्त टोनरचाच हिशोब सांगतो. मशीन तीन वर्षं चालवायचं तर महिन्याला अडीच हजार त्याचेच झाले. महिन्याला 10 हजार कॉप्या निघाल्या तर कॉपीमागे 25 पैसे येतात, 3 हजारच निघाल्या तर 83 पैसे. त्यात 260 रुपयांच्या रिमचा कागद 52 पैसे, टोनर 15 आणि ड्रम, ब्लेड वगैरे सुट्या भागांसाठी 20 पैसे बाजूला ठेवा. पहिल्या दुकानदाराला कॉपी 1 रुपया 12 पैशांना पडते आणि दुसऱ्याला 1 रुपया 70 पैशांना. भाडं, वीज, मजुरी यात धरलेलीच नाही. आता शेजारच्याने "जास्त कॉप्या, दीड रुपया" अशी पाटी लावली म्हणून दुसऱ्यानेही लावली, की तो प्रत्येक कॉपीला गाठीचे वीस पैसे घालतो. दुकानात गर्दी असते म्हणून महिनोन्महिने त्याच्या हे लक्षातही येत नाही. मी सुट्या भागांचे वीस पैसे रोज रात्री वेगळ्या डब्यात टाकतो. बायको हसते, पण ड्रम गेला की तोच डबा उघडतो.

आता वाया जाणारा कागद. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. 300 लग्नपत्रिकांची ऑर्डर आली. कोऱ्या पत्रिका आपण घाऊक बाजारातून पाकिटांसकट आणतो. मी हुशारी करून बरोबर 300 आणल्या. छपाई दोन रंगांत होती: वर सोनेरी गणपती, खाली मरून मजकूर. सोनेरी रंगाचं सेटिंग लागेपर्यंत सहा गेल्या, मजकूर तिरका बसून पाच गेल्या आणि ओल्या शाईवर गठ्ठा रचल्यामुळे तीन पत्रिकांच्या पाठीला डाग पडले. हातात राहिल्या 286. बाजारात फोन केला तर ते डिझाइन संपलेलं. जवळपास तशाच दिसणाऱ्या चौदा आणून छापल्या. मुलीच्या वडिलांनी काउंटरवर दोन पत्रिका शेजारी ठेवल्या, चष्मा वर केला, काही बोलले नाहीत. पैसे पूर्ण दिले. धाकट्या मुलीच्या पत्रिका त्यांनी दुसरीकडे छापल्या.

तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला आहे: प्रत्येक रंगाला शेकडा तीन आणि वर दहा. म्हणजे 300 च्या दुरंगी कामाला 28, मी सरळ 330 मागवतो. कोरी पत्रिका बारा रुपयांना पडत असेल तर जादा तीस पत्रिकांचे 360 रुपये होतात. ते 300 वर वाटले की नगामागे 1 रुपया 20 पैसे. ते दरातच धरायचे, नंतर मागायचे नाहीत. सेटिंगही नव्या पत्रिकेवर लावत नाही. मागच्या लग्नाच्या बिघडलेल्या पत्रिका असतात, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लावतो. नवशिक्यांना एवढाही दम निघत नाही.

पावसाळ्यात रिम फोडून मशीनमध्ये रात्रभर ठेवू नका. कडांना लाटा दिसल्या की तो कागद अडकणारच. गठ्ठेही फरशीवर नकोत, फळीवर ठेवा.

प्रूफवर सही घेतल्याशिवाय छापू नका. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.

नेहमीची गिऱ्हाइकं धरून ठेवायला लोक सूट देतात. मी लिफाफा ठेवतो. प्रत्येक बिलबुकवाल्याचा एक लिफाफा, आत छापलेला नमुना आणि वर तारीख, कागद, दर आणि शेवटचा नंबर. हा नंबर फार महत्त्वाचा आहे. जीएसटीच्या बिलांचे नंबर ओळीने हवेत आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा यायला नको. गिऱ्हाईक घाईत "मागच्यासारखंच छाप" म्हणतं, आपण जुन्या फाइलवरून पुन्हा 1 पासून सुरू करतो आणि मग त्याचा हिशोबनीस आपल्याला शिव्या घालतो. लिफाफ्यावरून पुस्तक कधी संपेल हेही कळतं. पन्नास बिलांची दहा पुस्तकं आणि दिवसाला आठ बिलं, म्हणजे दोन महिने. मी पन्नासाव्या दिवशी फोन करतो. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे लिफाफे टेबलावर काढतो, कारण 1 एप्रिलपासून नवी मालिका हवी असलेल्यांना ती 31 मार्चच्या संध्याकाळी आठवते.