एक्झिक्युटिव्ह समरी लांबते कुठे? या चुका टाळा

समरी लांबली की बहुतेक जण विशेषणं गाळतात, वाक्यं जोडतात आणि दोन पानांचं दीड पान करतात. तरीही शिफारस शेवटच्या परिच्छेदातच राहते. खरी चूक क्रमाची असते. अहवालात आधी पार्श्वभूमी, मग अभ्यासपद्धती, निरीक्षणं आणि शेवटी शिफारशी असतात. समरीही त्याच वाटेने लिहिली जाते. निर्णय घेणाऱ्याला मात्र काय आढळलं आणि आपण काय मंजूर करायचं, हे आधी हवं असतं. म्हणून आधी क्रम बदला, कात्री नंतर लावा.

समजा, ग्राहकसेवेवरच्या अहवालाची समरी अशी सुरू होते:

“गेल्या काही काळात तक्रारींचे प्रमाण वाढत असल्याचे निदर्शनास आले आहे. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत अभ्यास हाती घेण्यात आला. त्यासाठी सहा महिन्यांतील १,२०० तक्रारी तपासण्यात आल्या…”

तीन वाक्यं झाली, हाती काहीच नाही. हाच मजकूर असा हवा:

“परताव्याची तक्रार सुटायला सरासरी ९ दिवस लागतात; त्यातले ५ दिवस ती वित्त विभागाच्या मंजुरीसाठी थांबते. ठरावीक रकमेपर्यंतचे परतावे टीम लीडरनेच मंजूर करावेत, ही शिफारस. त्यासाठी रकमेची मर्यादा ठरवून हवी आहे. हा निष्कर्ष सहा महिन्यांतील १,२०० तक्रारींवर आधारित असून वर्षअखेरचे गर्दीचे महिने त्यात नाहीत.”

अभ्यासपद्धती एका वाक्यात आटोपली. पार्श्वभूमी पूर्ण गेली, कारण तक्रारी वाढल्यात हे वाचणाऱ्याला माहीत आहे. त्यानेच तर अहवाल मागवला. वाचणारा विषयाला नवखा असेल तर संदर्भाचं एक वाक्य आधी चालेल, त्याहून जास्त नको.

शेवटचं वाक्य मात्र जपा. छाटणीच्या भरात अशा मर्यादा पहिल्या उडतात, आणि हे मला फार धोक्याचं वाटतं. गर्दीच्या महिन्यांचा हिशेब नाही हे कळलं, तर मंजुरी देणारा कदाचित आधी प्रायोगिक तत्त्वावर बदल करेल. निर्णय बदलू शकणारी मर्यादा समरीत राहिलीच पाहिजे. बाकीच्या मर्यादा अहवालात जाऊ द्या.

दुसरी चूक शिफारशीच्या भाषेत असते. “मंजुरी प्रक्रियेचा पुनर्विचार व्हावा” या वाक्याला कोणीच नकार देणार नाही, पण त्यावरून काही हलणारही नाही. कोणी, काय करायचं आणि निर्णय घेणाऱ्याकडून कशाला मान्यता हवी, हे त्यात यायला हवं.

तपासायचं असेल तर अहवाल न वाचलेल्या सहकाऱ्याला फक्त पहिला परिच्छेद द्या. “मग करायचं काय?” असं त्याने विचारलं तर शिफारस मोघम आहे. “कशावरून?” म्हणाला तर निष्कर्षामागचा आकडा राहिलाय. आणि “हे कशाबद्दल आहे?” असा प्रश्न आला, तर काढून टाकलेलं संदर्भाचं ते एक वाक्य परत घाला.