विक्रेता म्हणाला, ‘तक्रार बंद करा, मग पैसे देतो’

परदेशी मार्केटप्लेसवरून कॅमेऱ्याची लेन्स मागवली. पार्सल उघडलं तर माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी जागा, भलताच; माझ्या कॅमेऱ्याला बसेचना. विक्रेता गोड बोलत राहिला: आधी ‘दुसरी पाठवतो, थोडं थांबा’, मग ‘तक्रार बंद करा, लगेच रिफंड देतो’.

मी तक्रारीच्या दोन्ही मुदती, मार्केटप्लेसची आणि पेपॅलची, शेजारी ठेवून पाहिल्या. मार्केटप्लेसची मुदत डिलिव्हरीपासून मोजली जात होती आणि संपत आली होती. पैसे पेपॅलने भरले होते. तिथे पैसे भरल्यापासून १८० दिवसांत डिस्प्यूट, म्हणजे विक्रेत्याविरुद्धची तक्रार, उघडता येतो. पण उघडल्यावर २० दिवसांत तो क्लेममध्ये, म्हणजे पेपॅलनेच निकाल द्यावा अशा मागणीत, बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. बंद झालेला डिस्प्यूट पुन्हा उघडत नाही. विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं, याची मला खात्री आहे.

मी काहीही बंद केलं नाही. लिस्टिंगचा माउंट लिहिलेला स्क्रीनशॉट आणि लेन्सच्या मागच्या कड्याचा जवळून काढलेला फोटो जोडला, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हे कारण निवडलं आणि मुदतीआधी पेपॅलवर क्लेम केला. विक्रेत्याशी बोलणं फक्त तिथल्याच मेसेजमध्ये ठेवलं, म्हणजे त्याची टाळाटाळ तपासणाऱ्याला दिसली.

निकाल माझ्या बाजूने लागला. मात्र लेन्स ट्रॅकिंगसह परत पाठवायची होती आणि तो खर्च माझाच. स्वस्त वस्तू असेल तर हा हिशेब आधी करा. बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत फिरवण्याचा, अर्ज मी मुद्दाम केला नव्हता. तो केला की पेपॅलचा क्लेम बंद होतो.