टिप एक, टोटल दुसरंच: रात्री स्लिपा जुळवताना काय बघायचं

अमेरिकेत रेस्टॉरंटमध्ये नव्याने कामाला लागलेल्या आपल्या मंडळींना पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. भारतात मशीनवर रक्कम टाकली, गिऱ्हाइकाने पिन दाबला की व्यवहार तिथेच संपतो. इथे टेबलवर बसून जेवायच्या बऱ्याच जागी अजून उलटं चालतं. आधी नुसत्या बिलाच्या रकमेला बँकेची मंजुरी घ्यायची, मग स्लिप छापायची, गिऱ्हाईक तिच्यावर पेनाने टिप आणि टोटल लिहून सही करणार, आणि ते निघून गेल्यावर आपण टिप सिस्टिममध्ये चढवणार. रात्री बॅच, म्हणजे दिवसभराच्या कार्ड व्यवहारांचा गठ्ठा, बंद केली की अंतिम रक्कम बँकेकडे जाते. 2018 मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीची सक्ती काढली, पण टिप लिहायची जागा म्हणून ती स्लिप टिकून राहिली.

मी डॅलसजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये रात्रीचा हिशेब बंद करते. बेरीज चुकलेली स्लिप गर्दीच्या शनिवारी हाताशी येतेच. अशा वेळी काय करायचं, ते एकाच बिलावर दाखवते. जेवण 62 डॉलर, त्यावर 8.25 टक्के कर 5.12, म्हणजे छापील रक्कम 67.12.

पहिलं काम म्हणजे फरक खरा आहे की अक्षराचा घोळ आहे, हे ठरवणं. टिपच्या ओळीत 11 दिसतंय की 17, कळत नाही, आणि खाली टोटल 84.12 आहे. 67.12 मध्ये 17 मिळवले की बरोबर 84.12 येतात. म्हणजे तो सात आहे, तंटा संपला. एक आणि सात, चार आणि नऊ हे आकडे लोक फार वेगवेगळ्या वळणाने काढतात, त्यामुळे आधी दोन्ही शक्यतांची बेरीज करून बघायची. ‘जुळत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच स्लिपा इथेच जुळतात.

बेरीज खरंच चुकली असेल, तर मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: गिऱ्हाइकाने आधी कोणता आकडा ठरवला? स्लिपच ते सांगते. माणूस मनात ठरवतो तो आकडा बहुतेक वेळा गोल असतो, आणि हिशेबाने काढलेला वाकडा. टिप 11.88 आणि टोटल 80.00 अशी स्लिप आली, तर त्याला सगळे मिळून ऐंशी द्यायचे होते आणि वजाबाकीत एक डॉलर निसटला, हे उघड आहे. इथे टोटल धरायची. 80.00 वजा 67.12, म्हणजे टिप 12.88.

आता याच्या उलट स्लिप बघू. टिप 10.00, टोटल 87.12. खरी बेरीज 77.12. काही जण म्हणतील, सही टोटलच्या खाली आहे, तेव्हा 87.12 लावा. कागदावर तो मुद्दा चूक नाही, आणि काही रेस्टॉरंटांचा नियमच ‘टोटल म्हणजे अंतिम’ असा असतो, तसा असेल तर तो आधी विचारून घ्या. पण आमच्याकडे मी 10 च चढवते. गोल आकडा टिपच्या ओळीत आहे, म्हणजे त्याने दहा ठरवले आणि बेरजेत दहाचं घर चुकलं. वीस म्हणजे जेवणाच्या जवळपास बत्तीस टक्के झाले असते, आणि त्या टेबलचं दहा लिहिणं तर आपल्याला स्पष्ट दिसतंय. 87.12 लावले तर तो माणूस घरी जाऊन स्टेटमेंट बघेल, त्याला दहा जास्त दिसतील आणि तो बँकेला कळवेल. व्हिसाकडे ‘चुकीची रक्कम’ या तक्रारीला 12.5 असा स्वतंत्र कोड आहे. तिथे आपण पाठवलेल्या स्लिपवरच टिप 10.00 लिहिलेली असणार. वर तक्रारीची फी भरायची ती रेस्टॉरंटने.

तिसरी स्लिप अशी की टिप 13.00 आणि टोटल 79.12. बेरीज 80.12 हवी. त्याच्या मनात तेरा होते, हे टिपच्या गोल आकड्यावरून कळतं. तरीही मी 79.12 लावते, म्हणजे टिप 12.00. सहीच्या जवळ छापलेलं वाक्य हेच सांगतं की वर लिहिलेली एकूण रक्कम द्यायला मी तयार आहे. त्या आकड्याच्या वर आपण जायचं नाही, मनातलं कितीही स्पष्ट दिसत असलं तरी.

सर्व्हरचा, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या वेटरचा, यात एक डॉलर जातो आणि त्याला वाईट वाटतं, ते रास्तच आहे. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान रोख पगार तासाला 2.13 डॉलर आहे, बाकी सगळं टिपवर. म्हणून असा निर्णय त्या सर्व्हरने स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्या सर्व्हरनेही नको. 2018 च्या केंद्रीय कायद्याने मॅनेजरला कामगारांच्या टिपमधला वाटा घ्यायला बंदी आहे, त्यामुळे त्याचा स्वतःचा स्वार्थ त्यात नसतो. स्लिप त्याच्याकडे द्या, कारण सांगा आणि तो म्हणेल ते त्याच्यासमोर चढवा.

एक अडचणीचा प्रकार म्हणजे टोटल बिलापेक्षाही कमी. टिप 10.00, टोटल 57.12. आधी शोधा की काही पैसे रोख दिले होते का, कूपन लावायचं राहिलं का. तसं काही नसेल तर टिप शून्य ठेवून 67.12 लावायचे, कारण जेवणाचे पैसे तर देणं आहेतच आणि तेवढ्याला मंजुरीही आहे. सोबत पदार्थांचं सविस्तर बिल स्टेपल करायचं. टिप आणि टोटल दोन्ही कोरे, किंवा स्लिपच गायब, तरी हेच: छापील रक्कम, टिप शून्य. ‘नेहमीचं गिऱ्हाईक आहे, अठरा टक्के देतोच’ म्हणून अंदाजाने काही टाकायचं नाही. मात्र गिऱ्हाईक चुकून रेस्टॉरंटची प्रत घेऊन गेलं आणि स्वतःची भरलेली प्रत टेबलवर ठेवून गेलं असेल, तर ती चालते. बिलाच्या फोल्डरच्या मागच्या कप्प्यात बघितल्याशिवाय ‘स्लिप नाही’ म्हणू नका.

आता चढवताना होणारी चूक. बहुतेक सिस्टिम टोटल मागतच नाहीत, फक्त टिप मागतात आणि बेरीज स्वतः करतात. त्यामुळे सर्व्हर टिपची ओळ वाचून आकडा टाकतो आणि टोटलकडे त्याची नजरच जात नाही. सवय अशी लावा की टिप टाकल्यावर पडद्यावर आलेली बेरीज कागदावरच्या टोटलशी ताडायची. टिपच्या जागी घाईत टोटलच टाकली, तर 80.12 ची टिप होऊन 147.24 कापले जातात. बॅच बंद करण्याआधी मी टिपच्या टक्केवारीची यादी मोठ्यापासून लहान अशी लावते आणि तीस टक्क्यांच्या वरची प्रत्येक स्लिप हातात घेऊन बघते. अशी चूक तिथे सर्वांत वर येऊन बसलेली असते.

जो निर्णय घेतला तो स्लिपवरच लिहा, पण गिऱ्हाइकाच्या आकड्यांवर नाही. खाडाखोड केलेली स्लिप बँकेपुढे आपल्याच विरुद्ध जाते. मी मागच्या बाजूला ‘टोटलप्रमाणे, टिप 12.00’ असं लिहून आद्याक्षरं आणि तारीख टाकते.

कधी दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘काल 67.12 दिसत होते, आज 79.12 कसे?’ पहिला आकडा मंजुरीचा होता, तो तात्पुरता असतो, दुसरा टिपसकटचा. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. खरंच जास्त कापले गेले असतील तर तेवढाच फरक त्याच कार्डवर परत करायचा. कमी कापले गेले असतील, तर बॅच बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला न विचारता वरचे पैसे लावता येत नाहीत.